चॅट दोनशे, साड्या सोळा

*दादा, मी कोल्हापुरात घरूनच खणाच्या साड्या विकते. गुळेदगुड्डहून खण आणते, काठ-पदर इथे जोडून घेते. साडी 1,650 ला जाते, कुरिअरसकट सगळं वजा केलं की 550 उरतात. गेले तीन आठवडे फेसबुक-इन्स्टाग्रामवर रोज 400 रुपयांची ती ‘व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज करा’वाली जाहिरात चालवतेय. 210 चॅट आले असं तिथं दिसतं. निम्मे जण ‘प्राइस?’ विचारून गायब. मी दिवसभर मशीनवर असते, दुपारी जेवताना आणि रात्री उत्तरं देते. एवढ्या दिवसांत 16 साड्या गेल्या, पण त्यात जाहिरातीच्या किती आणि ओळखीतल्या किती, काही कळत नाही. मिस्टर म्हणतात, बंद कर. करू का?*
*— एक साडीवाली, कोल्हापूर*

ताई, मिस्टरांशी वाद घालायच्या आधी कॅल्क्युलेटर घ्या. 400 गुणिले 21 म्हणजे 8,400. त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे खिशातून गेले 9,912. सोळाच्या सोळा साड्या जाहिरातीनंच खपल्या असं धरलं तरी हातात येतात 8,800. अकराशे रुपये पदरचे गेले. आणि सोळातल्या चार-पाच तरी वहिनीच्या मैत्रिणी, जुन्या गिऱ्हाइकाची बहीण अशा असणार. तेव्हा आकड्यांत मिस्टर चुकलेले नाहीत.

तरीही मी लगेच बंद करा म्हणणार नाही. जाहिरात वाईट आहे की तुमचं उत्तर उशिरा पोचतंय, हे या आकड्यांवरून सांगताच येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच ढिगात पडल्यात. तो ढीग आधी वेगळा करायचा.

त्यासाठी एकच आकडा पाठ करा. एका चॅटला तुम्हाला 40 रुपये पडतात, जीएसटी धरून 47. साडीमागे 550 उरतात. म्हणजे अकरा चॅटमागे एक साडी गेली तर थोडेफार सुटतात, बारा चॅट लागले की घाटा सुरू. तुमची रेषा ही: अकराला एक. चॅट स्वस्त पडला की रेषा सैल होते, महाग पडला की घट्ट. पुढचं सगळं या रेषेला धरून बोलतो.

आता ते 210. जाहिरातीच्या पानावर जो आकडा दिसतो त्याचं नाव Messaging conversations started. त्याचा अर्थ 210 बायका असा नाही. एखादीनं मेसेज केला, मग सात दिवस दोन्हीकडून शांतता राहिली, आणि तिनं पुन्हा मेसेज केला, तर ती दुसऱ्यांदा मोजली जाते. शिवाय बटण दाबलं की व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आधीच लिहिलेला मजकूर येतो. तुमच्याकडे तो बहुतेक अजून ‘Hello! Can I get more info on this?’ हाच असेल. अर्ध्या झोपेत रील बघणारी बाई तो एका बोटानं पाठवते आणि पुढच्या रीलवर जाते. तिनं काही विचारलेलंच नसतं, बोटानं विचारलेलं असतं. म्हणून ‘गायब’ झालेल्या सगळ्याच तुम्ही गमावलेल्या नाहीत, काही जणी कधी आलेल्याच नव्हत्या. माझ्या हिशोबात खरा चॅट तो, ज्यात समोरच्यानं तुमच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर दिलं. उरलेले नुसते टिचकीचे.

पण तुमच्याकडे हा फरक करायची सोयच नाही, कारण पहिलं उत्तरच काही तासांनी जातं. सव्वाअकराला विचारणारीला दुपारी जेवताना, तीनला विचारणारीला रात्री. तोवर तिला आपण काय विचारलं होतं तेही आठवत नाही. माझं स्वतःचं सांगतो. काही वर्षं मी मोसमात देवगडहून हापूस आणून पेट्या विकायचो. एकदा जाहिरात चोवीस तास चालू ठेवून झोपलो. सकाळी उठून बघतो तर अडतीस चॅट. हरखून चहा न घेता उत्तरं द्यायला बसलो. त्यातल्या दोघांनी पेटी घेतली. बाकीच्यांपैकी जे बोलले त्यांतले बरेच म्हणाले, ‘रात्रीच दुसरीकडे बुक केली.’ रात्री एक वाजता आंबे बुक करणारी माणसं असतात, आणि रात्री एक वाजता उत्तर देणारे विक्रेतेही असतात, हे मला त्या दिवशी कळलं.

तुम्हाला रात्री एकला जागायचं नाही, आणि मशीन सोडून दर दोन मिनिटांनी फोनही बघायचा नाही. म्हणून उलटं करा. फोनजवळ जेव्हा असता तेव्हाच जाहिरात चालवा. पोस्टखालच्या बूस्ट बटणावरून हे नीट जमत नाही. Ads Manager उघडून जाहिरात तिथून लावा. बजेट रोजचं न ठेवता एकूण ठेवलं, तिथं त्याला Lifetime budget म्हणतात, की कोणत्या वारी कोणत्या तासांत जाहिरात दाखवायची याचं वेळापत्रक लावता येतं. तुमच्यासाठी मी दुपारी 1 ते 3 आणि रात्री 8 ते 10 धरीन. दोन आठवड्यांचे 3,500 ठेवा, रोजचे 250 पडतात. चॅट कमी येतील. यायलाच हवेत. तुम्ही ज्यांना दहा मिनिटांत उत्तर देऊ शकता तेवढेच विकत घ्यायचे.

दहा मिनिटं ही माझी अंदाजाची मर्यादा आहे, पण अनुभवाची. तेवढ्या वेळात बाई अजून फोन हातात धरूनच असते. दोन मिनिटांत तुमचं उत्तर गेलं तर ती इन्स्टाग्रामवरून परत येते. तासाभरानं गेलं तर ती भाजी चिरत असते.

पहिल्या सेकंदाचं उत्तर फोनवर सोपवा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये Business tools मध्ये Greeting message आहे. पहिल्यांदा लिहिणाऱ्याला, किंवा चौदा दिवस बोलणं बंद असलेल्याला, तो आपोआप जातो. बहुतेक जण तिथं लिहितात, ‘आमच्याशी संपर्क केल्याबद्दल धन्यवाद, आम्ही लवकरच उत्तर देऊ.’ हे वाचून कोणी थांबत नाही. तुम्ही असं लिहा:

‘नमस्कार! खणाची साडी 1,650 रुपये, कुरिअर त्यातच. तयार साड्या दुसऱ्या दिवशी निघतात. जांभळी दाखवू की हिरवी?’

यात तीन गोष्टी आहेत. जे शंभरातल्या नव्वद जणी विचारणार ते, म्हणजे किंमत, न विचारता सांगून टाकलं. कुरिअरचा दुसरा प्रश्नही संपवला. आणि शेवटी एकच प्रश्न, ज्याचं उत्तर एका शब्दात देता येतं. ‘तुम्हाला कोणत्या रंगात, कोणत्या काठात, कोणत्या बजेटमध्ये हवी’ असं विचारलंत की समोरची विचार करायला फोन बाजूला ठेवते, आणि ठेवलेला फोन परत तुमच्याकडे येत नाही. किंमत सांगितली की पळून जातात ही भीती सगळ्यांनाच असते. ज्या 1,650 ऐकून पळणार त्या पाच मेसेजनंतरही पळणारच होत्या, फक्त तोवर तुमचे दहा टाके सुटले असते.

एक तपासून घ्या. जाहिरात बनवतानाही एक स्वागताचा मजकूर लिहायची जागा असते. तिथं एक आणि फोनमध्ये दुसरा असे दोन नमस्कार एकामागोमाग दिसले तर विचित्र वाटतं. दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरून जाहिरातीचं बटण दाबा, आणि गिऱ्हाइकाला काय दिसतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

ती ‘जांभळी’ म्हणाली की तिथून पुढे माणूस हवा. पण टाइप करायला नको. Quick replies मध्ये ठरावीक उत्तरं भरून ठेवा, मग चॅटमध्ये / टाइप करून आखूड शब्द दिला की पूर्ण उत्तर येतं. मी चारच ठेवीन: /rang ला हातात असलेले रंग, /dhu ला धुण्याची माहिती, /pay ला यूपीआयचा तपशील, /patta ला ‘नाव, पूर्ण पत्ता, पिनकोड आणि दुसरा नंबर पाठवा’. फोटो मात्र दोनच पाठवा, एक अंगावरचा दिवसाच्या उजेडातला आणि एक पदराचा जवळून. चौदा फोटो धाडले की बाई म्हणते, ‘बघून सांगते.’ या दोन शब्दांत किती साड्या बुडाल्या त्याची मोजदाद नाही.

घरात मुलगी किंवा जाऊ मदतीला असेल तर तोच नंबर आणखी चार उपकरणांवर जोडता येतो. मशीनवर असताना ती उत्तरं देईल. फक्त पैसे आले की नाही हे बँकेच्या अ‍ॅपमध्ये बघूनच माल काढायचा, हे तिला बजावा. पैसे भरल्याचे बनावट स्क्रीनशॉट पाठवणारे आजकाल फार झालेत, आणि घाईत तो फोटोच खरा वाटतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न, कोणती साडी कुठून गेली.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये जाहिरातीतून आलेल्या चॅटच्या वरच्या टोकाला त्या जाहिरातीचा छोटा तुकडा दिसतो. पण महिन्यानं मागे सरकवत कोण बघणार? त्यापेक्षा तो आधी लिहिलेला मजकूर बदला. प्रत्येक जाहिरातीचा वेगळा, आणि त्यात एक खूण. एकीत ‘जांभळ्या खणाच्या साडीबद्दल सांगा K1’, दुसरीत ‘खणाची साडी 1,650 वाली हवी आहे K2’. बायका तो मजकूर सहसा खोडत नाहीत, जसाच्या तसा पाठवतात. जिनं खोडला तिच्यासाठी वरचा तुकडा आहेच.

इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलवरची लिंकही वेगळी करा, नाहीतर फुकट आलेल्या चॅटचं श्रेय जाहिरात खाऊन टाकेल:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=PROFILE
```

X च्या जागी तुमचा नंबर. मग ज्यात K नाही आणि PROFILE नाही, ती ओळखीतली. तीन ढीग झाले.

पुढे लेबल. बिझनेस अ‍ॅपमध्ये New customer, New order, Pending payment, Paid, Order complete ही लेबलं तयारच असतात. ती लावा, रोजच्या कामाला बरी आहेत, कोणाचे पैसे राहिलेत ते लगेच दिसतं. पण हिशोबाला ती पुरत नाहीत. एकावर एक लेबल पडत जातं आणि कोणतं कधी लावलं ते उरत नाही. हिशोबाला वहीच लागते. कागदाची चालेल, पण मी गूगल शीट म्हणेन, कारण बेरीज तिला करू द्यावी. पाच रकाने: A मध्ये पहिल्या मेसेजची तारीख, B मध्ये नंबरचे शेवटचे चार आकडे, C मध्ये K1, K2, PROFILE किंवा ओळख, D मध्ये तुमचं पहिलं स्वतः लिहिलेलं उत्तर किती मिनिटांनी गेलं, E मध्ये कुठवर आलं. E मध्ये फक्त चार शब्द वापरा: टिचकी, बोलली, पैसे, पोचली. K2 मधून किती साड्या पोचल्या ते असं निघतं:

```
=COUNTIFS(C:C,"K2",E:E,"पोचली")
```

‘पोचली’ मुद्दाम म्हणतोय. तुम्ही घरी पोचल्यावर पैसे देण्याची सवलत देत असाल तर ऑर्डर म्हणजे विक्री नव्हे. दार न उघडलेल्या घरून पार्सल परत येतं आणि जाण्यायेण्याचं भाडं तुमच्या माथी. ती साडी हिशोबात धरायची नाही.

आणि विक्री चॅटच्या तारखेला लिहायची, पैसे आल्याच्या तारखेला नाही. साडी घेणारी बाई पहिल्या दिवशी विचारते, नणंदेला दाखवते, पगाराची वाट बघते आणि आठव्या-दहाव्या दिवशी पैसे टाकते. ते पैसे या आठवड्यात मोजलेत तर मागच्या आठवड्याची चांगली जाहिरात वाईट दिसते आणि या आठवड्याची वाईट जाहिरात चांगली. म्हणूनच कुठल्याही आठवड्याचा निकाल दोन आठवडे उलटल्याशिवाय लावू नका. मधल्या काळात ‘बोलली’ वाल्यांना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एकच मेसेज: ‘जांभळी बाजूला ठेवलीय, उद्यापर्यंत ठेवते. हवी असेल तर सांगा.’ खरंच बाजूला ठेवलेली असेल तरच. त्यानंतर पुन्हा टोचायचं नाही, बाई ब्लॉक करते.

या वहीतून काय दिसतं ते एका उदाहरणानं सांगतो. माझ्या ओळखीतल्या एक बाई गोधड्या करतात. गोधडी 2,400 ला, उरतात 900. दोन जाहिराती लावल्या. पहिलीत गोधड्यांचा सुंदर ढीग, किंमत नाही. दुसरीत त्या स्वतः टाके घालताना दिसतात आणि फोटोवरच 2,400 लिहिलेले. दोन आठवड्यांत पहिलीवर 3,060 रुपये खर्चून 90 चॅट आले, चॅटला 34. दुसरीवर 2,900 खर्चून 50, चॅटला 58. बाई दुसरी बंद करायला निघाल्या होत्या, महाग पडते म्हणून. मी म्हटलं, वही भरेपर्यंत थांबा. वही भरली तेव्हा पहिलीतून दोन गोधड्या पोचल्या होत्या, दुसरीतून सहा. जीएसटी धरून पहिलीत एका गोधडीमागे 1,805 रुपये जाहिरात, दुसरीत 570. उरतात 900. एक जाहिरात दर गोधडीला नऊशे रुपये बुडवत होती आणि तीच पानावर स्वस्त म्हणून मिरवत होती. दोन आणि सहा हे आकडे लहान आहेत, नशिबानंही असं घडू शकतं, म्हणून आणखी दोन आठवडे तसंच चालू ठेवलं. कल तोच राहिला. मग पहिली बंद केली.

असं का होतं? तुम्ही जाहिरात लावताना ‘जास्तीत जास्त चॅट’ हे उद्दिष्ट निवडता, आणि ते यंत्र आज्ञाधारक आहे. चॅट सुरू करायची सवय असलेली माणसं ते शोधून आणतं. घेणारी माणसं आणायला तुम्ही सांगितलेलंच नाही. यंत्राला प्रत्येक विक्री कळवून, घेणारी माणसं शोधायला लावायची सोय आहे, पण ते शिकायला एका जाहिरात-संचाला आठवड्याला साधारण पन्नास विक्रीच्या नोंदी लागतात. तुमच्या साड्या तीन आठवड्यांत सोळा. त्याचं पोट त्यात भरणार नाही, म्हणून त्याच्या आणि महागड्या सॉफ्टवेअरच्या नादी सध्या लागू नका, कोणी एजन्सीवाला कितीही गोड बोलला तरी. तुमच्या प्रमाणावर चाळणी फोटोवरच लावायची. किंमत फोटोवर लिहा. आणि दर दोन दिवसांनी जाहिरातीत ढवळाढवळ करू नका, मोठा बदल केला की तिचं शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

तर करायचं असं. चालू असलेली जाहिरात आज थांबवा. K1 आणि K2 नव्यानं लावा, एकीत किंमत नाही, दुसरीत आहे, बाकी साडी तीच. दोघींना वेगळे पैसे द्या, प्रत्येकी 1,750, नाहीतर यंत्र बहुतेक पैसे स्वस्त चॅटवालीकडेच वळवेल. वेळ वर सांगितलेली. दोन आठवडे चालवा, मग दोन आठवडे नुसती वही भरत थांबा.

त्यानंतर D रकाना आधी बघा. बहुतेक आकडे दहाच्या वर असतील तर जाहिरातीला दोष देता येणार नाही, तास आणखी कमी करून पुन्हा करा. आकडे दहाच्या आत असतील तर प्रत्येक खुणेचा जीएसटीसकट खर्च पोचलेल्या साड्यांनी भागा. 550 च्या आत आली ती ठेवा, वर गेली ती बंद. दोन्ही वर गेल्या, तर मिस्टरांना सांगा की बंद करतेय, आणि वहीतल्या ओळख आणि PROFILE या दोन ढिगांमध्ये किती साड्या आहेत तेही त्यांना मोजून दाखवा.